बेडरूमच्या वॉर्डरोबचा आतला आराखडा: रुंदी ८३.२५ इंच

ताई, दादा आणि आपले सुतार मिस्त्री या तिघांसाठी हे एकच टिपण आहे. तुम्ही का ते वाचा, मिस्त्रींनी किती ते वाचावं. सगळी मापं इंचात आहेत. दशांश चिन्हानंतर ०.२५ असेल तर २ सूत, ०.५ म्हणजे ४ सूत, ०.७५ म्हणजे ६ सूत. उंची सगळीकडे तयार फरशीपासून धरली आहे, कप्प्याच्या तळापासून नव्हे. कापताना हे विसरू नये.

जागेचं माप

बाजूची भिंत आणि खिडकीकडचा कॉलम यांच्यामधली रुंदी खाली ८४, मध्ये ८३.२५, वर ८३.७५ भरली. गिलावा असा असतोच. आपण सर्वांत लहान माप धरायचं, म्हणजे ८३.२५. दोन्ही बाजूंना २-२ सूत सोडून सांगाड्याची बाहेरची रुंदी ८२.७५. खाली आणि वर जी फट उरेल ती समोरून बीडिंग पट्टीने झाकायची. भिंत वाकडी आहे म्हणून सांगाडा वाकडा बसवायचा नाही. ओळंबा आणि गुण्या लावूनच उभा करायचा, नाहीतर शटरच्या फटी आयुष्यभर दिसत राहतात.

खोली २४.५. मागे भिंतीपासून अर्धा इंच मोकळा, मग पाठीच्या ६ मिमी प्लायसह २३ इंचांचा सांगाडा, पुढे पाऊण इंच शटर. एकूण २४.२५, म्हणजे शटर भिंतीच्या कडेच्या आतच राहतं. २३ इंच घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे ४ फुटी शीटमधून अशा दोन पट्ट्या निघतात आणि करवतीलाही जागा उरते. उंची तुळईच्या खालपर्यंत १०५.

कपडे मोजले तेव्हा काय निघालं

वॉर्डरोबची रुंदी तीन समान भागांत वाटायची पद्धत सोपी आहे, पण कपडे समान लांबीचे नसतात. म्हणून परवा कपाटातला एकेक प्रकार हँगरला लावून रॉडपासून खालच्या काठापर्यंत मोजला. प्रत्येक प्रकारातला सर्वांत लांब नग धरला आहे. दादांचे शर्ट ३६, ब्लेझर ३४, दुमडून टांगलेल्या पँट ३०. ताईंचे आखूड टॉपही ३०. दादांचे झब्बे ४४, शेरवानी ४६, पंजाबी ड्रेस ५०, आणि घोळदार अनारकली ५८.

ही यादी पाहिली की कपड्यांचे दोनच गट पडतात: ३६ आणि त्याखालचे, ४४ आणि त्यावरचे. पहिल्या गटाला एकाखाली एक दोन रॉड पुरतात. दुसऱ्याला एकच रॉड, आणि खाली उरलेल्या जागेत ड्रॉवर. तिसरा भाग घडीच्या कपड्यांचा, म्हणजे मुख्यतः साड्यांचा.

रुंदीची वाटणी

सांगाड्यात चार उभ्या फळ्या, लॅमिनेटसह प्रत्येकी पाऊण इंच, म्हणजे ३ इंच गेले. आत ७९.७५ उरले.

डावा भाग, दोन रॉडचा. वरच्या रॉडवर २२ शर्ट, प्रत्येकी १ इंच, आणि २ ब्लेझर, प्रत्येकी अडीच: एकूण २७. हँगर सरकायला दहावा भाग मोकळा ठेवला की ३०. खालच्या रॉडवर १४ पँट सव्वा इंचाने साडेसतरा आणि ९ टॉप, मिळून साडेसव्वीस. तेही ३० मध्ये आरामात बसतं. म्हणून डावा भाग आत स्वच्छ ३०.

मधला भाग, लांब कपड्यांचा. ९ पंजाबी ड्रेस दीड इंचाने साडेतेरा, २ अनारकली मिळून ५, शेरवानी अडीच, ३ झब्बे ३. बेरीज २४, मोकळीक धरून २६.५.

उरले २३.२५, आणि हे माप साड्यांना नेमकं बसतं. ४५ इंच पन्ह्याची साडी पन्ह्यात चार घड्या करून ११.२५ होते. साडेपाच मीटर लांबी चार वेळा अर्धी केली की १३.५. म्हणजे ११.२५ रुंद आणि १३.५ खोल अशा दोन चळती शेजारी शेजारी २२.५ मध्ये मावतात. हाच भाग २० इंचांचा केला असता तर एक चळत नीट आणि दुसरी कोंबलेली, हे रोज बघावं लागलं असतं.

ताईंना सहाही शटर एका मापाची हवी होती. तसं करता येईल, पण मग डाव्या भागाचे तीनेक इंच जातात आणि शर्ट दाबून टांगावे लागतात. माझं मत स्पष्ट आहे: शटर असमान राहू द्या. फिक्या, एकरंगी लॅमिनेटमध्ये १५.५ आणि १२ चा फरक डोळ्यात खुपत नाही, चुरगळलेला शर्ट मात्र रोज खुपतो.

उंची: हात कुठवर पोचतो

शटर ७ फुटांचं आणि वर लॉफ्ट ही सवयीची रचना आहे. इथे ती मी बदलली आहे. टाचा न उचलता हात वर करून भिंतीवर खुणा केल्या तेव्हा ताईंची खूण ७४ वर आली, दादांची ८० च्या वर. ७ फुटी सांगाड्यात वरचा रॉड सरळ छताला लावला तर तो ८० च्या पुढे जातो. रॉड खाली घेतला तर वर ४-५ इंचांचा फुकटचा कप्पा उरतो, ज्यात धूळच साठते. म्हणून सांगाडाच कमी केला: स्कर्टिंग ४, सांगाड्याचं डोकं ७९.२५. वाचलेली उंची लॉफ्टला दिली. लॉफ्ट आता आतून २४ इंच उंच झाला. गाद्या, रजया आणि प्रवासाच्या बॅगा त्यात जातील.

डावीकडे वरचा रॉड मध्यापर्यंत ७६ वर, छताच्या फळीखाली अडीच इंच. हँगरचा आकडा उचलून काढायला एवढं लागतंच. शर्टांचा काठ ४० वर येतो. खालचा रॉड ३७.५ वर, म्हणजे वरच्या शर्टाचा काठ आणि खालच्या हँगरचा आकडा एकमेकांत अडकत नाहीत. ३० इंची पँट ७.५ पर्यंत येते, तळाची फळी ४.७५ वर आहे. मध्ये आडवी फळी टाकायची नाही. इथे ड्रॉवरही नको, जागा फक्त पावणेतीन इंच आहे आणि ती हवेशीरपणाला हवी.

मधला रॉड ७४ वर, कारण हा भाग बहुतेक ताईंचा. अनारकलीचा काठ १६ वर, त्याखाली अडीच इंच सोडून ड्रॉवरवरची फळी १३.५ वर. ड्रॉवरची मोकळी उंची ८.

उजवीकडेही तळाला तसाच ड्रॉवर, वरची फळी त्याच १३.५ च्या रेषेत. त्यावरचे कप्पे, खालून वर:

१३.५ ते २६.५: चादरी, अभ्रे, टॉवेल
२७.२५ ते ३७.२५: घरातले कपडे, टी-शर्ट
३८ ते ४८: आजींच्या नऊवारी
४८.७५ ते ५८.७५: रोजच्या आणि सुती साड्या
५९.५ ते ६७.७५: पैठण्या आणि रेशमी साड्या
६८.५ ते ७८.५: पर्स, शाली, कधीतरी लागणारं

आजींचा कप्पा मुद्दाम कंबर ते छाती या उंचीत ठेवला आहे. त्यांना वाकायला लागू नये आणि हातही वर करायला लागू नये. नऊवारीची घडी जाड होते, म्हणून त्या कप्प्यात रोजच्या साड्या घालू नयेत.

पैठणीचा कप्पा सव्वाआठ इंचांचाच ठेवला, कारण एकावर एक चार-पाचाहून जास्त पैठण्या रचूच नयेत. जरीच्या वजनाने खालच्या साडीच्या घडीवर ताण येतो. याच कारणाने पैठणी हँगरवरही नको. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका.

साड्यांच्या चळतीमागे आठेक इंच जागा उरते. तिथे दुसरी रांग लावायचा मोह होईल. लावायचीच असेल तर वर्षात एकदा लागणाऱ्या वस्तूंची लावा.

मिस्त्रींसाठी

मागची भिंत बाथरूमची आहे. त्यामुळे तळ, स्कर्टिंग आणि पाठ आय.एस. ७१० चं मरीन प्लाय, बाकी सांगाडा आय.एस. ३०३ बीडब्ल्यूआर, १८ मिमी. पाठीमागचा अर्धा इंच बुजवायचा नाही, आणि पाठ ठोकण्याआधी भिंतीचा ओलावा मला दाखवायचा.

उभ्या फळ्या ७५.२५ उंच, चार. ८ फुटी शीटमधून निघालेले २०.७५ चे तुकडे टाकू नका, ड्रॉवरच्या बाजूंना लागतील. साड्यांच्या फळ्या २३.२५ लांब, २१.७५ खोल, पाच. पुढे एक इंच आत राहिल्या की शटर मोकळं बसतं. या लांबीला १८ मिमी झोल खात नाही, ३० च्या पुढे असती तर मध्ये आधार दिला असता. रॉड २५ मिमी गोल, पाठीपासून मध्य ११.५. १७ इंची हँगर मागेपुढे कुठेच घासत नाही. लांबी ३० आणि २६.५ असल्यामुळे मध्ये ब्रॅकेट नको. डावीकडच्या खालच्या रॉडच्या फ्लँज स्क्रूनेच लावा. पुढे घरात लांब कपडे वाढले तर तो रॉड काढून सगळा भाग लांब टांगणीचा करता येईल.

बिजागऱ्या: दोन्ही टोकांना ० क्रँक, मधल्या दोन पार्टिशनवर ८ क्रँक, प्रत्येक शटरला चार. शटर उघडं असताना ड्रॉवर बिजागरीला अडू नये म्हणून ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंचाची पट्टी द्या. मग २०ची टेलिस्कोपिक चॅनेल लावून ड्रॉवरची बाहेरची रुंदी मध्ये २३.५, उजवीकडे २०.२५.

रॉडची भोकं पाडण्याआधी सांगाडा उभा करून ताईंना समोर उभं करा, अनारकली हँगरला लावून ७४ च्या खुणेवर धरा, आणि त्या हो म्हणाल्या की मगच ड्रिल लावा.