जादा कामाचे थकीत पैसे मिळण्याबाबत

दि. 12 ऑगस्ट 2024
चाकण, जि. पुणे

प्रति,
मा. ठेकेदार साहेब
प्रत : एचआर विभाग, मूळ कंपनी

महोदय,

मी तुमच्यामार्फत प्रेस शॉपमध्ये हेल्पर आहे. जुलैचा पगार 7 तारखेला खात्यावर जमा झाला, पण त्यात ओव्हरटाइमचा एक रुपयाही नाही. सुपरवायझर साहेबांना दोनदा विचारले, दोन्ही वेळा "पुढच्या महिन्यात बघू" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून लेखी मागणी करत आहे.

जुलै 2024 मधले जादा तास :

8 तारीख – 4 तास
9 तारीख – 4 तास
12 तारीख – 3 तास
15 तारीख – 4 तास
19 तारीख – 3 तास
21 तारीख, रविवार – 8 तास
एकूण – 26 तास

त्या रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. सोमवारी माल जायचा म्हणून मला फोन करून बोलावले. आधीचे सहा दिवस मी पूर्ण भरले होते आणि बदली सुट्टीही मिळालेली नाही. गेटच्या पंचिंगमध्ये सगळ्या वेळा आहेत, तपासून घ्याव्यात.

माझा रोज 8 तासांचे 560 रुपये, म्हणजे तासाला 70. कारखाना अधिनियम 1948, कलम 59 प्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर, म्हणजे 140 रुपये लागतो.

26 × 140 = 3,640 रुपये

ही रक्कम 20 ऑगस्टपर्यंत खात्यावर जमा करावी. ठेकेदाराने मजुरी थकवल्यास ती देण्याची जबाबदारी कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) नुसार मूळ कंपनीवर येते, म्हणून त्यांनाही प्रत देत आहे. पैसे न मिळाल्यास कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करीन. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का द्यावा.

आपला,
संतोष वाघमारे
टोकन क्र. 117

सोबत : जुलैची पगार पावती, पंचिंगच्या नोंदीचा फोटो