सेदरचं ताट आणि सुटकेची गोष्ट : इयत्ता ३री-४थीसाठी तक्ता

आधी गोष्ट वाचा

खूप खूप वर्षांपूर्वी इस्राएलचे लोक मिसर देशात गुलाम होते. तिथल्या राजाला फारो म्हणत. तो त्यांच्याकडून मातीच्या विटा पाडून घ्यायचा, शहरं बांधून घ्यायचा. मजुरी नाही, विश्रांती नाही. देवानं मोशेला फारोकडे पाठवलं. मोशे म्हणाला, "माझ्या लोकांना जाऊ दे." फारो ऐकेना. मग मिसरवर एकामागून एक दहा संकटं आली : नदीचं पाणी रक्त झालं, बेडूक घराघरात शिरले, टोळांनी पिकं खाल्ली, तीन दिवस काळोख पडला. दहावं संकट सगळ्यांत दुःखाचं होतं. मिसरच्या घराघरातला थोरला मुलगा मरण पावला. इस्राएलच्या लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं होतं, म्हणून त्यांची घरं संकटानं ओलांडली. त्याच रात्री फारो म्हणाला, "निघा!" लोक इतक्या घाईत निघाले की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. पुढे समुद्र दुभंगला आणि ते कोरड्या वाटेनं पलीकडे गेले.

ही आठवण म्हणजे ज्यू लोकांचा सण पेसाख. मराठी बायबलमध्ये याला वल्हांडण म्हणतात. सण मार्च-एप्रिलमध्ये येतो. पहिल्या रात्रीच्या जेवणाला 'सेदर' म्हणतात. जेवणाआधी ताटातल्या वस्तू दाखवत ही गोष्ट सांगतात.

ताटातल्या सहा खुणा

| खूण | ताटात काय असतं | कशाची आठवण | त्या रात्री काय करतात |
|---|---|---|---|
| झेरोआ | भाजलेलं हाड, बहुधा कोकराच्या पायाचं | सुटकेच्या रात्रीचं कोकरू | फक्त ठेवतात. खात नाहीत, उचलून दाखवतही नाहीत |
| बेत्सा | उकडून वरून भाजलेलं अंडं | यरुशलेमच्या मंदिरात सणाला दिलेलं अर्पण. मंदिर पाडलं गेलं, त्याचं दुःखही | ताटातलं तसंच ठेवतात. काही घरांत दुसरी उकडलेली अंडी मिठाच्या पाण्यातून खातात |
| मारोर | कडू किंवा झणझणीत भाजी | गुलामीचा कडूपणा | खरोसेतमध्ये बुडवून खातात |
| खरोसेत | खजूर किंवा सफरचंद, सुकामेवा यांचं घट्ट, गोड वाटण | विटा लावायची माती | मारोरबरोबर खातात |
| कर्पास | सेलरी, पार्सली किंवा उकडलेला बटाटा | वसंत ऋतूतली नवी पालवी | मिठाच्या पाण्यात बुडवून खातात |
| खझेरेत | पुन्हा कडू भाजी, बहुतेक घरी लेट्यूस | कडूपणा, दुसऱ्यांदा | मात्सा या न फुगलेल्या भाकरीत घालून खातात |

लेट्यूसचं पान आधी गोडसर लागतं, देठाजवळ कडवट होतं. मिसरमध्येही तसंच झालं होतं. सुरुवातीला इस्राएलच्या लोकांना चांगलं वागवलं, मग गुलाम केलं. पान टोकापासून देठाकडे खाऊन पाहा.

ताटाशेजारी काय असतं?

*मात्सा :* बेखमीर, न फुगलेली भाकर. तीन मात्सा एकावर एक ठेवून झाकतात. मधली मोडतात आणि तिचा मोठा तुकडा लपवतात. मुलं तो शोधतात. हा तुकडा खाल्ल्याशिवाय जेवण संपत नाही.

*मिठाचं पाणी :* गुलामांचे अश्रू.

*द्राक्षरसाचे चार प्याले :* देवानं सुटकेची चार वचनं दिली, त्यांचे चार. दहा संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला एक थेंब बाहेर काढतात. मिसरच्या लोकांनाही दुःख झालं होतं, म्हणून आपला प्याला थोडा रिकामा करायचा.

*सगळ्यांत लहान मूल :* तेच विचारतं, "आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?" मोठ्यांची गोष्ट या प्रश्नापासून सुरू होते.

सांगा पाहू

१. ताटात माती दाखवणारा पदार्थ गोड का केला असेल? दोन कारणं सुचवा.
२. एक पदार्थ कोणीच खात नाही. तो कोणता?
३. मात्सा का फुगलेली नसते? गोष्टीतलं वाक्य शोधून लिहा.
४. प्याल्यातून थेंब काढण्याची रीत तुम्हाला योग्य वाटते का?

शिक्षकांसाठी

हा तक्ता अलिबाग तालुक्यातल्या शाळांसाठी केला आहे. मुलांना इस्रायल आळी माहीत असते, तिथून सुरुवात करा. कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. ते मराठी बोलतात. पेसाखच्या रात्री वाचायचं हग्गादा हे पुस्तक १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठीसह छापलं गेलं. त्यांच्या घरी द्राक्षरसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबतही चालतं. वर्गात बेने इस्राएल मूल असेल तर त्याच्या घरची रीत आधी पालकांना विचारा. मात्र "तूच सांग" म्हणून त्याला उभं करू नका.

पदार्थांच्या जागा आणि संख्या घरोघरी बदलतात. काही ताटांत खझेरेत नसतं, पाचच वस्तू असतात. मुलांचं चित्र तक्त्याशी जुळलं नाही म्हणून चूक देऊ नका. चूक बहुतेकदा वेगळीच असते : मुलं मात्सा आणि मिठाचं पाणी सहा खुणांत मोजतात. म्हणून हे दोन्ही मुद्दाम वेगळ्या भांड्यांत, ताटाबाहेर ठेवा.

हाड आणि अंडं काही शाळांत चालणार नाही. हाडाच्या जागी भाजलेलं बीट ठेवा. ही तडजोड आजची नाही, तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात रव हुना या धर्मगुरूंनी बीट आणि भात सुचवले आहेत. अंड्याचं चित्र पुरे. खरं अंडं ठेवणार असाल तर आधी १० मिनिटं उकडा, मग कवच आचेवर तपकिरी करा. कच्चं अंडं थेट आचेवर ठेवलं तर फुटून उडतं.

२५ मुलांसाठी खरोसेत : २५० ग्रॅम बिनबियांचा खजूर अर्धा तास १ कप कोमट पाण्यात भिजवा, पाणी निथळून बाजूला ठेवा, खजूर कुस्करा, एक किसलेलं सफरचंद आणि अर्धा चमचा दालचिनी पूड घाला. लागेल तसं तेच पाणी एकेक चमचा वापरा. सगळं पाणी एकदम ओतलं की वाटण सैल होतं आणि मुलांना त्यात माती दिसत नाही. अक्रोड, बदाम घालायचे असतील तर आदल्या दिवशी ॲलर्जी विचारून घ्या. न घातले तरी चालतं. मिठाचं पाणी : १ कप पाण्यात २ चमचे मीठ, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. नाहीतर पहिल्या मुलांना पाणी बेचव लागतं आणि शेवटच्यांना खारट मीठ.

मारोर म्हणून कार्लं आणण्याचा मोह होतो. कार्लं कडू आहे, पण परंपरेतल्या भाज्यांत नाही, आणि लहान मुलं ते थुंकतात. लेट्यूस आणा. पानांच्या घडीत बारीक किडे असतात, म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून एकेक पान वाहत्या पाण्याखाली धुवा.

मात्साचं प्रात्यक्षिक करायचं असेल तर १ कप गव्हाचं पीठ, साधारण पाव ते अर्धा कप पाणी, मीठ नाही, यीस्ट नाही. पातळ लाटून काट्यानं जवळजवळ टोचा आणि कडक तव्यावर भाजा. टोचलं नाही तर पोळीसारखी फुगते आणि शिकवायचं तेच हरवतं. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांच्या आत काम संपलं पाहिजे हा नियम आहे. फळ्यावर घड्याळ लावा, लोकांची घाई मुलांना तिथेच कळते. ही वर्गातली मात्सा सणाला चालत नाही, कारण सणाच्या पिठाला पाणी लागू नये म्हणून आधीपासून राखण ठेवतात. उरलेल्या मात्सा बेने इस्राएल शेजाऱ्यांकडे भेट म्हणून पाठवू नका. सणाच्या दिवसांत असं काही घरात ठेवणं त्यांना वर्ज्य असतं.

दहाव्या संकटावर फार रेंगाळू नका. एखादं मूल घाबरलं किंवा "त्या मुलांची काय चूक?" असं विचारलं, तर प्रश्न टाळू नका. सेदरमध्येही त्या दुःखासाठी थेंब काढतात, तेवढं सांगा आणि पुढच्या ओळीकडे जा.