विक्रेता नोंदणीसाठी अर्ज : लाकडी पॅलेट आणि निर्यात पेट्या

दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, खरेदी विभाग (पॅकेजिंग),
चाकण प्रकल्प

विषय : लाकडी पॅलेट, निर्यात पेट्या व पॅलेट दुरुस्ती यांसाठी विक्रेता म्हणून नोंदणी होण्याबाबत.

महोदय,

आपल्या पोर्टलवरचा इंग्रजी फॉर्म आम्ही ३० जुलैला भरला आहे. त्यात 'कंपनीची माहिती' या रकान्यात पाचशे अक्षरेच मावतात, म्हणून हे पत्र सोबत देत आहोत. ते मराठीत लिहिण्याचे कारण साधे आहे. पॅलेट खरेदी विभाग घेतो, पण त्याच्याशी रोजची गाठ आपल्या स्टोअर आणि डिस्पॅचमधल्या माणसांची पडते. त्यांनीही हे वाचावे.

आंबेठाण पॅलेट वर्क्स ही दोघा भावंडांची भागीदारी संस्था आहे. २०१४ साली एका शेडमध्ये पॅलेट दुरुस्तीपासून सुरुवात केली. आज आंबेठाण रस्त्यावर ११,००० चौरस फुटांचे शेड आहे आणि सव्वीस कामगार आहेत. आपल्या गेटपासून अंतर नऊ किलोमीटर. उलाढाल २०२२-२३ मध्ये ३.१० कोटी, २०२३-२४ मध्ये ३.६४ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ४.०२ कोटी रुपये झाली. सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले ताळेबंद जोडले आहेत.

आम्ही काय करतो

१२०० × १०००, १२०० × ८०० आणि ११०० × ११०० मिमी मापाची टू-वे व फोर-वे पॅलेट, ड्रॉइंगप्रमाणे पेट्या आणि क्रेट. लाकूड मुख्यतः आयात पाइन. ग्राहकाने मागितल्यास रबरवुड. खिळे न्यूमॅटिक गनने ठोकतो, स्क्रू-शँक प्रकारचे, कारण साधा खिळा ट्रकच्या हादऱ्यांनी हळूहळू वर येतो आणि कार्टन फाडतो. एका पाळीत १५० पॅलेट निघतात. दोन पाळ्या लावल्या तर २७०. त्याहून जास्त रोजची मागणी असेल तर ती आम्हाला झेपणार नाही, हे आधीच सांगतो.

आपला माल समुद्रमार्गे जातो, तेव्हा आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब उष्णता प्रक्रियेची. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग किमान ३० मिनिटे राहावे लागते. चेंबरची हवा ५६ अंशांवर गेली म्हणजे काम झाले, असे नाही. गाभा बराच मागे असतो. आमचे चेंबर स्वतःचे आहे, एका वेळी २२० पॅलेट बसतात. प्रोब सर्वात जाड ठोकळ्यांत भोक पाडून बसवतो आणि त्यातला सर्वात थंड प्रोब ५६वर पोहोचल्यावरच घड्याळ सुरू होते. प्रत्येक बॅचचा आलेख साठवलेला आहे. आपल्याला हव्या त्या तारखेचा मागा, दाखवू. त्यानंतरच आयपीपीसी चिन्ह, 'IN' हा देशसंकेत, आमचा नोंदणी क्रमांक आणि 'HT' असा शिक्का पॅलेटच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना मारतो. शिक्क्याची चावी फक्त चेंबर ऑपरेटरकडे असते. प्लायवुडच्या पेट्यांना हा शिक्का लागत नाही, त्यामुळे त्याचे शुल्कही लावत नाही.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट आपल्या स्टोअरने जरूर लक्षात घ्यावी. शिक्का असलेल्या जुन्या पॅलेटचे साधारण एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलले, तर जुने शिक्के पुसून पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. आम्ही दुरुस्तीचा आणि नवा माल वेगवेगळ्या रांगांत ठेवतो, आणि मर्यादेबाहेरचे पॅलेट सरळ चेंबरकडे पाठवतो.

एक चूकही सांगतो. २०२३च्या पावसाळ्यात एका ग्राहकाकडून ४० पॅलेटचा लॉट बुरशीमुळे परत आला. प्रक्रिया आणि शिक्का बरोबर होता. पण उष्णता प्रक्रिया म्हणजे वाळवणे नव्हे, आणि लाकडात ओलावा २६ टक्के उरला होता. तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रत्येक लॉटची ओलावा मीटरने तपासणी होते. २० टक्क्यांच्या वर वाचन आले तर माल ट्रकमध्ये चढत नाही, मग डिस्पॅचचा फोन कितीही वेळा येवो. या चार महिन्यांत आमचा लीड टाइम तीन दिवसांऐवजी पाच दिवस असतो. आपल्या नियोजनात तसाच धरावा.

जोडलेली प्रमाणपत्रे व परवाने

१. लाकडी पॅकेजिंगवर उष्णता प्रक्रिया करण्याची नोंदणी, केंद्रीय वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय. आमच्या धंद्याचा पाया हाच, म्हणून पहिला.
२. चेंबरच्या तापमान प्रोबचे कॅलिब्रेशन, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, मार्च २०२५.
३. आयएसओ ९००१:२०१५. मुदत ऑक्टोबर २०२५ अखेर. पुनर्प्रमाणन ऑडिट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले आहे. नवे प्रमाणपत्र आल्यावर लगेच पाठवू.
४. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, उत्पादन).
५. जीएसटी, पॅन, भागीदारी पत्र, रद्द केलेला धनादेश.
६. कारखाना परवाना, ईपीएफ व ईएसआयसी नोंदणी, मागील तीन महिन्यांची चलने.
७. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र. चेंबरचा हॉट-एअर जनरेटर आमच्याच लाकडी तुकड्यांवर चालतो.
८. अग्निसुरक्षेचे फॉर्म बी, जुलै २०२५. लाकडाच्या गोदामात याची आठवण सहा महिन्यांनी न येता रोज यायला हवी, म्हणून आठवड्याची पाहणी वहीही ऑडिटच्या वेळी ठेवू.

आयएसओ १४००१ आणि ४५००१ ही प्रमाणपत्रे आमच्याकडे नाहीत. फॉर्ममध्ये तिथे 'नाही' असेच भरले आहे. ती अट अनिवार्य असेल तर कळवावे. किती मुदतीत घेता येतील ते बघून सांगू. तोवर 'प्रक्रियेत' असे लिहिणार नाही.

सध्याच्या विक्रीपैकी सुमारे ६० टक्के दोन ऑटो पार्ट निर्यातदारांकडे जाते. दोघांनी संदर्भ द्यायला संमती दिली आहे. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांचे संपर्क बंद पाकिटात जोडले आहेत. आपले काम मिळाले तर या दोघांचा कोटा कमी न करता दुसरी पाळी सुरू करू.

पेमेंटबाबत मोकळेपणाने एक विनंती. आपल्या सर्वसाधारण अटींत ६० दिवस लिहिले आहेत. आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, आणि एमएसएमईडी कायदा २००६च्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. या मुदतीत न दिलेली रक्कम आयकराच्या कलम ४३ब(ह) मुळे आपल्यालाही ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. पाइनचे पैसे आम्हाला आगाऊ मोजावे लागतात, त्यामुळे ४५ दिवस आम्हाला जमतात, ६० जमत नाहीत. व्हेंडर मास्टरमध्ये उद्यम क्रमांक टाकताना ही मुदत तशीच नोंदवावी.

आपल्या टीमने कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ५ या वेळेत, आधी न कळवता यावे. चेंबरची भट्टी सकाळी लवकर पेटते; ९च्या आत आलात तर प्रोब बसवताना बघायला मिळेल. आपल्या ड्रॉइंगप्रमाणे २० नमुना पॅलेट आम्ही विनामूल्य देऊ. ती आपल्याच रॅकवर, आपल्याच फोर्कलिफ्टखाली वापरून पाहावीत, आणि काय मोडले ते आम्हाला कळवावे.

लेटरहेडवरील फोन आणि ईमेलवर संपर्क साधावा. ऑडिटसाठी आमच्याकडून मीच हजर असेन.

आपली विश्वासू,

संपदा गावडे
भागीदार, आंबेठाण पॅलेट वर्क्स

सोबत : वरील आठ क्रमांकांच्या साक्षांकित प्रती, तीन वर्षांचे ताळेबंद, यंत्रसामग्रीची यादी, चेंबरच्या शेवटच्या पाच बॅचचे आलेख, संदर्भ ग्राहकांचे बंद पाकीट.