चेंबर २ मधल्या द्राक्षांचा नुकसानीचा क्लेम: तुम्ही विचारलेल्या मुद्द्यांचं उत्तर, टेंपरेचर लॉग आणि सर्व्हिस रेकॉर्डसकट

सर्व्हेयर साहेब, नमस्कार,

तुमचा काल आलेला मेल वाचला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, जनरेटर चालू होता तर माल खराब कसा झाला, रजिस्टरचे आकडे आणि लॉगरचे आकडे जुळत का नाहीत, आणि नो क्लेम पिरियडमध्ये दार का उघडलं. तिन्हीचं उत्तर देतो, जरा लांबेल पण नीट वाचा कारण सगळा क्लेम ह्याच्यावरच उभा आहे.

२२ मार्चला संध्याकाळी वादळ आलं आणि ७:३८ ला लाइट तीनदा फडफडली. पूर्ण गेली नाही, दोन फेजवर आली. लाइनच्या एका फेजची तार तुटली होती, वीज कंपनीच्या सबस्टेशनच्या नोंदीचा उतारा जोडलाय त्यात वेळ तीच आहे. ७:४१ ला पॅनलने जनरेटरवर घेतलं, म्हणजे मधली तीन मिनिटं मोटरला दोनच फेज मिळाले. चेंबर १ चा कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि जनरेटरवर परत उचलला, तिथला एकही बॉक्स गेला नाही म्हणून त्याचा एक रुपयाही आम्ही मागत नाही. चेंबर २ चा उचललाच नाही. जनरेटर पूर्ण वेळ चालू होता साहेब, पण जळलेल्या मोटरला जनरेटर काय करणार?

आता मोटर का जळली. सिंगल फेज प्रिव्हेंटर होता आणि त्याने आपलं काम केलं होतं, त्याचा लाल दिवा पेटलेला ऑपरेटरने मोबाइलवर फोटो काढलाय, वेळ ७:५२. पण मिनिटभरात तीनदा लाइट आली-गेली त्यात कॉन्टॅक्टरचे पॉइंट एकमेकांना चिकटले, त्यामुळे प्रिव्हेंटरने सांगूनही सप्लाय तुटला नाही. तो कॉन्टॅक्टर काढून पिशवीत ठेवलाय, पॉइंट वितळून एकजीव झालेत ते डोळ्यांनी दिसतं. मोटर उघडल्यावर दोन फेजचं वाइंडिंग कोळसा आणि तिसरं एकदम शाबूत. स्टार कनेक्शनची मोटर सिंगल फेजिंगने जळली की अशीच दिसते, कुठल्याही वाइंडरला दाखवा. जुनी झाली, मेंटेनन्स नव्हता म्हणून जळली असती तर अशी स्वच्छ दोन-एक वाटणी झाली नसती.

मेंटेनन्सचं बोलायचं तर सर्व्हिस कार्ड सगळी जोडलीत. १८ नोव्हेंबरला सीझनच्या आधी ऑइल, फिल्टर ड्रायर बदलला, त्या दिवशी ह्याच मोटरचं मेगर रीडिंग ८५ मेगाओहम. ९ फेब्रुवारीला चेंबर २ चा कॉन्टॅक्टर नवीन टाकला (तोच जो चिकटला, म्हणजे दीड महिन्याचा होता), प्रिव्हेंटर एक फेज काढून टेस्ट केला, तिन्ही फेजचा करंट १४.२, १४.०, १४.४ अँपिअर. ६ मार्चला कंडेन्सर कॉइल धुतली, अर्थिंग १.८ ओहम. २३ मार्चच्या कार्डावर मेगर शून्य आणि ऑइल काळं. ८५ वरून शून्य, मधे फक्त ते वादळ.

रजिस्टर आणि लॉगरचा घोळ वाटतोय तो घोळ नाहीये. दोन वेगळ्या जागा आहेत. रजिस्टरमध्ये नाइटचा ऑपरेटर पॅनलच्या डिस्प्लेवरचा आकडा लिहितो, त्याचा सेन्सर कॉइलच्या तोंडाशी आहे, कॉइलवर बर्फ असतो, फॅन बंद पडल्यावर बर्फ वितळेपर्यंत तो सेन्सर थंडच दाखवणार. लॉगर मात्र मधल्या रॅकवर बॉक्सच्या उंचीला लटकवलाय. म्हणून रात्री १० ला रजिस्टर ०.६ म्हणतं आणि लॉगर २.१. लॉगरचे पुढचे आकडे: रात्री २ ला ४.६, सकाळी ६ ला ६.३, २३ च्या दुपारी १२ ला ९.८, ३ ला ११.७, २४ च्या सकाळी ६ ला १५.१. मण्यात सुई टोचून घेतलेलं पल्प टेंपरेचर हवेच्या मागे मागे चालतं, २३ ला सकाळी ६ ला ३.४, दुपारी ३ ला ८.१, २४ ला सकाळी १३.२. लॉगरची मूळ फाइल जशीच्या तशी पाठवलीय, आम्ही त्यात हात घातलेला नाही, मशीन तुमच्या ताब्यात द्यायलाही तयार आहे.

दाराबद्दल. पॉलिसीत नो क्लेम पिरियड १२ तासांचा आहे, म्हणजे २३ ला सकाळी ७:३८ पर्यंत. त्या वेळात दार दोनदाच उघडलं, रात्री १०:०५ ला आणि सकाळी ६:१० ला, पल्प बघायला, आणि लॉगरच्या ग्राफवर त्या दोन्ही वेळी उडी नाही. दुपारी १:१० ला मोठं उघडलं ते माल वाचवायला, कारण ओझरहून एकच रीफर मिळाला, त्यात ६४० बॉक्स हलवले आणि ते वाचले. चेंबर १ भरलेला होता, तिथे जागा नव्हती. दार उघडलं नसतं तर तेही ६४० आज क्लेममध्ये दिसले असते. हे पॉलिसीतच लिहिलंय ना, नुकसान कमी करायचा प्रयत्न करा म्हणून?

मोटर रिवाइंड होऊन २४ ला संध्याकाळी ६:२० ला कूलिंग सुरू झालं, म्हणजे साधारण ४७ तास बंद. पण तोपर्यंत झालं ते झालं. थंड द्राक्ष गरम व्हायला लागलं की मण्यावर पाणी सुटतं, पाण्याने बॉक्समधला सल्फर पॅड एकदम सगळा गॅस सोडतो, मग देठाजवळ मणी पांढरे पडतात, आणि पॅड संपल्यावर बुरशीला मोकळं रान. २६ ला तुमच्यासमोर बॉक्स उघडले तेव्हा देठ तपकिरी, करडी बुरशी, मणी गळालेले, हे तुम्ही स्वतः बघितलंय. हा माल रॉटरडॅमसाठी पॅक केला होता, असला माल न्हावा शेवालाच काय, गेटबाहेरही एक्सपोर्ट म्हणून जात नाही.

हिशोब असा आहे. चेंबर २ मध्ये २,८८० बॉक्स, ५ किलोचे. ६४० वाचले, राहिले २,२४०, म्हणजे ११,२०० किलो. दर ८८ रुपये किलो (शेतकऱ्याचे ७०, पॅकिंगचे १८, नफा धरलेला नाही), होतात ९,८५,६००. त्यातले ८६० बॉक्स पूर्ण सडले, पंचनामा करून खड्ड्यात पुरले. १,३८० बॉक्स निवडून लोकल व्यापाऱ्याला २२ रुपयांनी दिले, १,५१,८०० आले, ते वजा. राहिले ८,३३,८००. रीफरचं भाडं १८,५०० आणि हमाली ६,२००. एकूण ८,५८,५००, पॉलिसीप्रमाणे एक्सेस त्यातून कापा. मोटरचा खर्च मशिनरी पॉलिसीत वेगळा टाकलाय, इथे धरलेला नाही.

माल आमचा नाही साहेब, सात शेतकऱ्यांचा आहे, पॉलिसीत ट्रस्टमध्ये ठेवलेला स्टॉक कव्हर आहे, इनवर्ड पावत्या नावानिशी जोडल्यात. सोसायटीचं कर्ज मार्चएंडला भरायचं होतं त्यांना, रोज गेटवर येऊन विचारतात आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही.

कॉन्टॅक्टर, जुनं वाइंडिंग आणि प्रिव्हेंटर तुमचा रिपोर्ट होईपर्यंत कुलपात ठेवलंय. आणखी कुठला कागद लागत असेल तर एकाच मेलमध्ये सगळं मागा, मी दुसऱ्या दिवशी देतो, आणि ह्या आठवड्यात कधीही या, सर्व्हिस करणारा टेक्निशियन आणि नाइटचा ऑपरेटर दोघांनाही समोर बसवतो.

आपला,
व्यवस्थापक, द्राक्ष पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज
ता. निफाड, जि. नाशिक