विषय : गिझरची टाकी साडेचार महिन्यांत गळाल्याबद्दल वॉरंटीखाली तक्रार

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
दुकानाचे मालक

संदर्भ : बिल क्र. ११४७, दि. १८ नोव्हेंबर २०२४. २५ लिटरचा उभा स्टोरेज गिझर, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे ४४७१.

स.न.वि.वि.

वरील गिझर मी आपल्या दुकानातून घेतला. घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी आपणच पाठवलेल्या माणसाने तो बसवला. २ एप्रिलला, म्हणजे साडेचार महिने होता होता, त्याची टाकी गळायला लागली. टाकीवर पाच वर्षांची वॉरंटी आहे. तरीही १९ दिवस झाले, गिझर बंद आहे आणि टाकी बदलून मिळालेली नाही. फोन करून झाले, दुकानात येऊन झालं. आता लेखी देते आहे.

३१ मार्चला बाथरूमचा एमसीबी दोनदा पडला. तेव्हा कारण लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी गिझरच्या खालच्या झाकणाच्या कडेवरून गंजकट रंगाचं पाणी टपकताना दिसलं. लगेच स्विच बंद केला, तो आजवर चालू केलेला नाही. टाकीतून झिरपलेलं पाणी थर्मोस्टॅट आणि वायरच्या जोडापर्यंत गेलं तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, आणि त्या ओल्या हातानेच स्विच दाबतात.

३ एप्रिलला आपल्याला फोन केला तेव्हा "कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार टाका" असं सांगण्यात आलं. टाकली. ७ तारखेला सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आला. खालून पाहून म्हणाला, "सेफ्टी व्हॉल्व्हमधून येतंय, पाणी तापलं की येतंच."

पाणी तापताना फुगतं आणि तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब येतात, हे मलाही मान्य आहे. पण तोपर्यंत गिझर पाच दिवस बंद होता. टाकीतलं पाणी नळाच्या पाण्याइतकंच गार होतं, मग फुगलं काय? त्याच्यासमोर व्हॉल्व्हच्या तोंडाला कोरडा टिश्यू गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवला. टिश्यू कोरडाच राहिला आणि झाकणाखालचं टपकणं चालूच होतं. मग त्याने झाकण उघडलं. एलिमेंटची प्लेट आणि तिचं गॅस्केट कोरडं होतं. इनलेट-आउटलेटचे जोडही कोरडे होते. पाणी वरून, टाकीभोवतीच्या फोममधून झिरपत खाली येत होतं. झाकण उघडं असतानाचे फोटो आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.

त्या रात्री मी आणखी एक करून पाहिलं. इनलेटचा कॉक पूर्ण बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला आणि गिझरच्या झाकणाखाली बादली लावली. बाहेरून पाणी येत नाही, दाब नाही, तरी सकाळपर्यंत बादलीत दीड लिटर पाणी जमलं. हे पाणी टाकीतूनच येतंय, दुसरीकडून येण्याची वाट उरलेली नाही.

मग दुसरं कारण पुढे आलं : "तुमच्याकडचं पाणी जड आहे." वॉरंटी कार्डावर पाण्याच्या टीडीएसची मर्यादा ६०० छापली आहे. मेकॅनिकनेच स्वतःच्या मीटरने मोजलं, २१० आलं. जड पाण्याने टाकी गेली म्हणायचं असेल तर आधी अॅनोड रॉड काढून तो किती झिजलाय ते बघायला हवं होतं, कारण गंज टाकीच्या आधी त्याला खावा यासाठीच तो बसवलेला असतो. रॉड त्याने काढलाच नाही. माझ्या मते दोष टाकीच्या वेल्डिंगच्या जोडात किंवा आतल्या काचेच्या लेपात आहे. कंपनीने उघडून खुशाल तपासावं, माझी हरकत नाही. पण न तपासता पाण्यावर ढकलू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र कंपनीला नाही, आपल्याला लिहिते आहे ती. ९ एप्रिलला कंपनीने माझी तक्रार बंद केली. कारण दिलं, वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर गिझरवरच्या नंबरशी जुळत नाही. मी कार्ड काढून पाहिलं. गिझरच्या पट्टीवर शेवटी ४४७१ आहे, आपल्या बिलावर ४४७१ आहे आणि कार्डावर ४४१७. कार्ड काउंटरवर आपल्या माणसाने भरलं, त्यावर शिक्का आणि सही दुकानाची आहे. दोन आकडे उलटसुलट झाले, होतं असं, त्याचा मला राग नाही. पण ती चूक दुरुस्त करून द्या म्हणून मी १२ तारखेला स्वतः दुकानात आले तर "कंपनीचं काम आहे, आम्ही बघतो" एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर नऊ दिवसांत कोणाचाही फोन नाही. कंपनी म्हणते कार्ड चुकलं, दुकान म्हणतं कंपनी बघेल, आणि आम्ही रोज गॅसवर पाणी तापवतो आहोत.

माझं म्हणणं असं. कार्डावरचा नंबर दुरुस्त करून, शेजारी सही-शिक्का मारून, बिलाच्या प्रतीसह दुकानाच्या लेटरहेडवर आपण कंपनीला कळवावं आणि माझी तक्रार पुन्हा उघडून घ्यावी. याला एक दिवस पुरे. त्यानंतर टाकी, किंवा टाकी उपलब्ध नसेल तर पूर्ण गिझर बदलून मिळावा. जुना काढणं, नवा बसवणं, नेणं-आणणं आणि व्हिजिट चार्ज, यातलं काहीही माझ्याकडून घेतलं जाऊ नये. ७ तारखेचा व्हिजिट चार्ज मेकॅनिकने घेतला आहे, पावती आहे, तोही परत हवा.

जाता जाता मेकॅनिक "बाहेरून सील लावून देतो, नाहीतर वेल्डिंग मारून देतो" असंही म्हणाला. हे दोन्ही मला चालणार नाही. सील दाबाखाली टिकायचं नाही, आणि बाहेरून वेल्डिंग केलं तर आतला काचेचा लेप त्या जागी तडकून टाकी तिथूनच पुन्हा गंजणार. टाकी बदलून द्या, डागडुजी नको.

२८ एप्रिलपर्यंत बदली मिळाली नाही, तर बिलावरची पूर्ण रक्कम मी परत मागेन आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे अर्ज करेन. त्यात कंपनीबरोबर दुकानही असेल, कारण विक्री आपली आणि कार्डावरची चूकही आपली. तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरातला फ्रिज आणि मिक्सर आपल्याकडचेच आहेत आणि त्यांची कधी तक्रार नाही.

मेकॅनिकला यायचं असेल तर सकाळी १० नंतर कधीही चालेल, फक्त आदल्या दिवशी कळवावं. गिझर भिंतीवर जसा होता तसाच आहे. मी तो उघडलेला नाही आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, गिझरवरच्या पट्टीचा फोटो, व्हिजिट चार्जची पावती आणि तक्रार बंद केल्याचा मेसेज, सगळ्यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील. नंबर दुरुस्त करायला कार्ड घेऊन मी येईन आणि समोरच दुरुस्त करून घेईन. हे पत्र मिळाल्याची सही आणि तारीख दुसऱ्या प्रतीवर करून द्यावी.

कळावे,

आपली ग्राहक
(बिल क्र. ११४७)