नमस्कार काका, मी थांबते

– नमस्कार. बँकेच्या नौपाडा शाखेतून वैशाली बोलतेय.
– हॅलो? हॅलो! कोण?
– नमस्कार, काका. मी. बँकेतून. वैशाली.
– वैदेही?
– वै-शा-ली. नाव राहू द्या, काका. मी बँकेतलीच आहे. बोला.
– मला कमी ऐकू येतं हो. सूनबाई संध्याकाळी येईल, तीच करेल फोन.
– तिच्याशीही बोलेन. पण काम तुमचं आहे, आधी तुमच्याशीच बोलते. मला घाई नाही. मागे टीव्ही चालू आहे का?
– आहे.
– तो बंद करून या. सावकाश उठा. मी फोन धरून ठेवते.

(…)

– आलो.
– छान. कानात मशीन आहे?
– आहे, पण फोन लावला की शिट्टी वाजते.
– मग फोन कानावर दाबू नका. थोडा वर धरा, मशीनजवळ. तिरका. आता येतोय आवाज?
– हां! आता आला!
– मी ओरडणार नाही, काका. ओरडलं की शब्द फाटतात. एका वेळी एकच गोष्ट सांगेन. कळलं नाही तर "पुन्हा" म्हणा. कितीही वेळा म्हणा. आता सांगा, काय काम आहे?
– हयातीचा दाखला. रेल्वेची पेन्शन आहे. नोव्हेंबरात तुमच्याकडे रांग लागते, आणि मला जिना चढवत नाही.
– समजलं. तुमचं वय?
– ब्याऐंशी.
– आठ, दोन. बरोबर?
– बरोबर.
– मग नोव्हेंबरची वाट बघू नका. ऐंशीच्या पुढच्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासून घेतात. आज ६ तारीख. आत्ताच होईल.
– काय होईल?
– दाखला. आत्ताच. आणि तुम्ही इथे येऊ नका. आमचा माणूस तुमच्या घरी येईल.
– घरी? पाचपाखाडीत?
– हो, घरी. मोबाईलवर तुमचा चेहरा दाखवायचा. झाला दाखला. परवा येऊ दे? बुधवारी. आठ तारखेला.
– सात?
– सात नाही. आठ. सातच्या नंतरचा. बुधवार.
– बुधवार. किती वाजता?
– अकरा. दहाच्या नंतर, बाराच्या आधी. लिहून घेताय? घ्या. मी थांबते.
– …लिहिलं.
– दोन कागद काढून ठेवा. आधार कार्ड. आणि पेन्शनचा पीपीओ.
– आधार. पीपीओ.
– मोबाईलही जवळ ठेवा. माणूस आला की आधी त्याचं ओळखपत्र बघा, मगच दार उघडा. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका. मीसुद्धा मागणार नाही.
– ओटीपी नाही सांगायचा.
– अगदी बरोबर. आता कागदावर काय लिहिलंय, ते मला वाचून दाखवा.
– बुधवार. आठ तारीख. अकरा वाजता. आधार, पीपीओ, मोबाईल.
– सगळं बरोबर, काका. अजून काही विचारायचंय?
– नाही गं, पोरी.
– मग फोन आधी तुम्ही ठेवा. मी थांबते.