सेंद्रिय रसायन: शेवटच्या नऊ दिवसांची उजळणी

पेपर पुढल्या सोमवारी सकाळी १० वाजता. आज शनिवार. आजचा धरून नऊ दिवस, रोज साधारण चार तास.

मधल्या चाचणीत माझी उत्पादनं बरीचशी बरोबर होती, मार्क गेले ते बाणांमध्ये. म्हणून या वेळी अभिक्रियांची यादी पाठ करायची नाही. एका मोठ्या कागदावर आडवे क्रियात्मक गट, उभे मेकॅनिझमचे प्रकार: प्रतियोजन, विलोपन, समावेशन, अ‍ॅसिल प्रतियोजन, अ‍ॅरोमॅटिक प्रतियोजन, रॅडिकल. प्रत्येक अभिक्रिया आपल्या चौकटीत बसवायची. ऑक्सिडीकरण-क्षपण वेगळ्या कागदावर, कारण तिथे आम्हाला बाण विचारत नाहीत, रिएजंट विचारतात.

शनिवार-रविवार: अल्किल हॅलाइड
दोन दिवस इथेच. एसएन-१, एसएन-२, ई-१, ई-२ यांतलं कोणतं होणार हे ठरवता आलं, तर निम्मा पेपर हलका होतो. प्रश्न याच क्रमाने विचारायचे: कार्बन प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक? समोरचा चांगला न्यूक्लिओफाइल आहे की नुसता बेस? द्रावक कोणता? प्राथमिक कार्बन, चांगला न्यूक्लिओफाइल आणि अ‍ॅसिटोन किंवा डीएमएसओ असेल तर एसएन-२, रचना उलटी. तृतीयक कार्बनवर एसएन-२ नाहीच. तिथे जोरकस बेस आला की ई-२, आणि पाणी किंवा अल्कोहोलच असेल तर एसएन-१ व ई-१ दोन्ही. द्वितीयक कार्बन म्हणजे खरी डोकेदुखी, त्याचीच वीस उदाहरणं सोडवायची. ई-२ मध्ये जाणारा हायड्रोजन आणि लिव्हिंग ग्रुप एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना हवेत. सायक्लोहेक्झेनमध्ये दोन्ही अक्षीय. चेअर काढल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. एरवी जास्त शाखायुक्त अल्कीन, पण टर्शरी-ब्युटॉक्साइडसारखा बोजड बेस असेल तर कमी शाखांचं.

सोमवार: अल्कीन, अल्काइन
HBr मार्कोव्हनिकोव्हप्रमाणे, पेरॉक्साइड असेल तर उलट, आणि हा उलटा प्रकार HBr चाच, HCl किंवा HI चा नाही. रॅडिकलचा स्तंभ इथेच भरून टाकायचा. पाणी जोडण्याचे तीन रस्ते शेजारी-शेजारी लिहायचे: आम्लामुळे (कार्बोकॅटायन पुनर्रचना करू शकतो), मर्क्युरी अ‍ॅसिटेट (पुनर्रचना नाही), बोरेन (उलट दिशा, सिन). ब्रोमिन अँटी. ओझोन: दुहेरी बंध कापून दोन्ही टोकांना ऑक्सिजन.

मंगळवार: अल्कोहोल, ईथर
अर्धाच दिवस. पीसीसी प्राथमिक अल्कोहोलला अल्डिहाइडपाशी थांबवतं, क्रोमिक आम्ल कार्बॉक्झिलिक आम्लापर्यंत नेतं. इपॉक्साइड मात्र नीट: बेसमध्ये हल्ला कमी गर्दीच्या कार्बनवर, आम्लात जास्त शाखांच्या.

बुधवार: बेन्झीन
सगळ्यांचा सांगाडा एकच: इलेक्ट्रोफाइल, मधला कॅटायन, प्रोटॉन बाहेर. मग दिशा. OH, NH2 ऑर्थो-पॅरा; NO2 मेटा; हॅलोजन वेग कमी करतो तरी ऑर्थो-पॅराच. फ्रीडेल-क्राफ्ट्स नायट्रोबेन्झीनवर चालत नाही, आणि अ‍ॅनिलिनचा नायट्रोजन AlCl3 ला धरून बसतो. क्रमाचे प्रश्नही इथेच: नायट्रो गट आधी बसवायचा की नंतर, यावर अख्खं उत्तर फिरतं.

गुरुवार-शुक्रवार: कार्बोनिल
गुरुवारी अल्डिहाइड-कीटोन. न्यूक्लिओफाइल कार्बनवर, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर. ग्रिन्यार, NaBH4, सायनोहायड्रिन, इमिन सगळं त्याच चालीचं. नंतर ईनोलेट: अल्फा हायड्रोजन असेल तर अल्डॉल, अल्डिहाइडला तो नसेल आणि तीव्र अल्कली असेल तर कॅनिझारो. क्लेमेन्सन आम्लात, वोल्फ-किश्नर बेसमध्ये, त्यामुळे रेणूत दुसरं काय आहे ते पाहून निवड.

शुक्रवारी आम्लं आणि त्यांची अनुजातं. आधी हल्ला, मग लिव्हिंग ग्रुप बाहेर. क्रियाशीलतेचा उतरता क्रम: अ‍ॅसिल क्लोराइड, अ‍ॅनहायड्राइड, एस्टर, अमाइड. एस्टरवर ग्रिन्यार दोनदा लागतो, हे मी दर वेळी विसरते. LiAlH4 एस्टर फोडतं. NaBH4 चा नेहमीच्या परिस्थितीत तिथे फारसा उपयोग नाही. क्लेझन म्हणजे एस्टरचा अल्डॉलच, फक्त शेवटी अल्कॉक्साइड बाहेर पडतो.

शनिवार: अमाइन
डायझोनियम ०–५ अंश सेल्सिअसला; सँडमायर; हॉफमन ब्रोमामाइडमध्ये एक कार्बन कमी; गॅब्रिएलने प्राथमिक अमाइनच. दुपारी मागच्या दोन वर्षांचे पेपर, घड्याळ लावून, वह्या बंद.

रविवार
नवीन काही नाही. सकाळी रिकाम्या कागदावर तोच तक्ता आठवणीतून भरायचा. ज्या चौकटी कोऱ्या राहतील तेवढ्याच दुपारी उघडायच्या. संध्याकाळी मैत्रीण तासभर रूपांतरणं विचारणार आहे: ती सुरुवात आणि शेवट सांगेल, मी उलट्या बाजूने पायऱ्या सांगायच्या. रात्री साडेदहाला दिवा बंद.